हसरा चेहरा म्हणजे गर्दी

मला ते घड्याळ पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. पावलं मोजायचं, झोप मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं. अरे, घड्याळ आहेस ना, वेळ सांग आणि गप्प बस! भाऊंना मात्र त्याचं कोण कौतुक. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवता चालवता ते मनगट वळवून बघायचे आणि आरशातून मला सांगायचे, "मिरची, सकाळपासून दुकानातल्या दुकानात दोन मैल चाललो बघ."

मिरची म्हणजे मी. माझ्या नाकावर राग असतो म्हणून भाऊंनी ठेवलेलं नाव. पुढे तेच इतकं चिकटलं की गिऱ्हाइकं खरं नाव विसरली. केस कापायचं आमचं दुकान, दोन खुर्च्यांचं. दाराजवळची खुर्ची भाऊंची, आतली माझी. मधे एक लांब बाक, कोपऱ्यात पाण्याचं भांडं आणि वरच्या फळीवर एक रेडिओ. तो थाप मारल्याशिवाय बोलायचा नाही. भाऊ आता निवृत्त होऊन लेकीकडे राहतात आणि दारातली खुर्ची मी चालवतो. पण अजूनही आत येणारा माणूस आधी त्या खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि त्याचा चेहरा जरा उतरतो. मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण थोडाच.

भाऊंचा हात म्हणजे काय सांगू. माणसाचं नाव विसरतील, पण डोक्यावरचा भोवरा विसरायचे नाहीत. दहा वर्षांनी गावाला परतलेला एक माणूस दाढी वाढवून, चष्मा लावून आला. मी ओळखला नाही. भाऊंनी त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "काय रे, तुझा डावीकडचा केस अजून ऐकत नाही वाटतं." तो माणूस खुर्चीत बसून रडायलाच लागला. न्हाव्याच्या दुकानात रडणारा मोठा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या काळी नंबर लावायची पद्धत फार सोपी होती. समोरच्या फुटपाथवरून कोणीतरी ओरडायचं, "भाऊ, किती आहेत?" भाऊ मान न वळवता मोकळा हात वर करायचे आणि बोटं दाखवायचे. तीन बोटं दिसली की माणूस बाजार करून यायचा. मूठ दिसली की रस्ता ओलांडून थेट खुर्चीत. बाकावर बसलेले लोक एकच वर्तमानपत्र पानं वाटून वाचायचे, आणि शेवटचं पान ज्याच्या हातात असेल त्याचा नंबर आला तरी तो उठायचा नाही. ते दिवस आठवले की मला अजून साबणाचा वास येतो. गोंगाट असायचा, भांडणं असायची, पण सगळी समोरासमोर.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि कोणी ओरडेना. घरी बसून फोन करायचे, "भाऊ, येऊ का?" एकदा भाऊंचा वस्तरा एका वकिलाच्या कानाशी होता आणि खिशातला फोन असा काही कोकलला की भाऊंचा हात हलला. कानाच्या पाळीला जरासा काप गेला. भाऊंच्या उभ्या हयातीतला तो पहिला काप. वकील बिचारा हसून गेला, पण भाऊ दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हापासून फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून. मग गिऱ्हाइकांची तक्रार सुरू झाली, की भाऊ उत्तरच देत नाहीत, एवढे काय मोठे झाले.

यावर उपाय म्हणून लेकीनं ते घड्याळ आणलं. बाकावर बसून तिनं बापाला शिकवलं. फोन ड्रॉवरमध्येच राहू द्यायचा. निरोप आला की मनगटावर थरथरेल. कोणाचा आहे ते आणि मजकुराच्या पहिल्या दोन ओळी दिसतील, बाकीचं वाचायचं तर बोटानं वर सरकवायचं. उत्तर द्यायचं बटण खाली कायम दिसतं. ते दाबलं की पाच चित्रं येतात. अंगठा, लाल बदाम, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, रडका चेहरा आणि जोडलेले हात. एकावर बोट टेकवलं की गेलं.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"गेलं म्हणजे गेलं, काका. घड्याळावरून परत घेता येत नाही."

"बंदुकीची गोळीच की मग!"

बोलून उत्तर द्यायचीही सोय होती, पण केस कापायच्या मशीनच्या घरघरीत त्या घड्याळाला एक अक्षर कळेना. लेक म्हणाली, "बाबा, फोनमधून यादीत आपले शब्दही घालता येतात. गर्दी आहे, या, असे. घालून देऊ का?"

"पाच पुरेत," भाऊ म्हणाले. "हाताला बोटंसुद्धा पाचच आहेत. आजवर त्यांनी भागलं ना?"

पहिल्या आठवड्यात नुसता धिंगाणा. भाऊंच्या बोटाला कायम फेस नाहीतर पाणी, आणि ओल्या बोटाला ते घड्याळ धड जुमानत नसे. दाबायचं एक, लागायचं दुसरं. घरमालकीणबाईंनी कळवलं की मोरी तुंबली होती ती साफ करून घेतली आहे. भाऊ अंगठा पाठवायला गेले आणि शेजारचा बदाम गेला. दुसऱ्या दिवशी घरमालक स्वतः दाढीला आले आणि पूर्ण वेळ आरशातून भाऊंकडे टक लावून बसले. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी परीक्षेत पहिली आली, तिला रडका चेहरा. "माझी पोर पास झाली तर तुला रडू येतं होय रे?" म्हणत शिंपी कात्री घेऊनच दारात उभा राहिला. आमच्या दुकानात कात्र्यांची कमी नव्हती, पण मी त्याला चहा पाजून शांत केला.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं घड्याळ काढून ठेवलं असतं. भाऊंनी काय केलं? त्यांनी त्या पाच चित्रांची भाषाच बनवली. अंगठा म्हणजे खुर्ची रिकामी, निघा. जोडलेले हात म्हणजे आज जमणार नाही, माफ करा. रडका चेहरा म्हणजे दुकान बंद. हसरा चेहरा म्हणजे गर्दी आहे, थांबा, मी सांगतो तेव्हा या. त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे ना, ते बघून भाऊ म्हणाले होते, "शनिवारी बाक भरला की माझा चेहरा अस्साच होतो." बदामाला मात्र त्यांनी हात लावायचा नाही असं ठरवलं. बदाम फार महागात पडला होता.

खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला भाऊंनी हे तोंडी पढवलं. महिन्याभरात सगळ्यांना पाठ झालं. कुठूनतरी निरोप यायचा, "येऊ का?" आणि भाऊ ब्रश न थांबवता, नखानं एक टिचकी मारून हसरा चेहरा पाठवायचे. मजकूर वाचायचीही गरज उरली नव्हती. नाव बघायचं, बाक बघायचा, टिचकी मारायची. मी म्हणायचो, "भाऊ, निदान वाचा तरी!" ते म्हणायचे, "अरे, शनिवारी दुपारी माणूस मला दुसरं काय विचारणार?"

ह्या सगळ्यांत ही भाषा सगळ्यात आधी शिकला तो लाइनमन. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्याचा जन्म गेला, आणि खांबावरून उतरला की तो थेट आमच्याकडे. भाऊंचा जिवाभावाचा मित्र. दर शनिवारी दाढी, आणि दाढीपेक्षा गप्पा. आवाज असा खणखणीत की तो बोलायला लागला की आम्ही रेडिओ बंद करायचो. कुठल्या गल्लीत कोणाचा फोन कोणी चोरून ऐकायचं, कोणत्या खांबावर कावळ्यानं तारांचं घरटं केलं होतं, एकेक किस्सा तो शंभरदा सांगायचा आणि शंभराव्या वेळीही बाक हसायचा. नंतर नंतर त्याचा आवाज बसायला लागला. "सर्दी आहे रे," म्हणायचा. मग दोन शनिवार तो आलाच नाही. बायकोबरोबर मोठ्या दवाखान्यात तपासण्या चालल्या आहेत एवढंच आम्हाला कळलं होतं.

तो तिसरा शनिवार. बाक गच्च, दोघं दारात उभे. भाऊंचं मनगट थरथरलं. मी आतल्या खुर्चीवरून बघत होतो. नाव बघताच भाऊंचा चेहरा फुलला. "लाइनमन! दाढी विचारतोय! म्हणजे सुटला लेकाचा तपासण्यांतून." आणि त्यांनी नखानं टिचकी मारली. हसरा चेहरा.

जरा वेळानं पुन्हा थरथरलं. भाऊंनी बघितलं आणि खो खो हसले. "बघ, म्हणतोय, हसताय काय भाऊजी? बायकोच्या नावानं थट्टा चाललीय माझी." लाइनमनची ती सवयच होती, बायकोच्या आवाजात बोलून भाऊंना फसवायची. भाऊंनी परत टिचकी मारली. परत हसरा चेहरा. म्हणजे अजून गर्दी आहे बाबा, दम धर.

चहाच्या वेळी गर्दी जरा ओसरली. भाऊ हात पुसून ड्रॉवरकडे गेले. लाइनमनला आता बोलवायचं होतं, आणि त्याला ते नेहमी फोन करूनच बोलवायचे. त्यांनी फोन उघडला आणि तसेच उभे राहिले. कप हातात तसाच. मी दोनदा हाक मारली. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

निरोप लाइनमनच्या फोनवरून होता, पण लिहिला होता त्याच्या बायकोनं. "नमस्कार भाऊजी, आज यांची दाढी करायला जमेल का? यांनी विचारायला सांगितलंय." घड्याळात दिसलं ते एवढंच. खाली पुढे होतं, "आम्ही दवाखान्यात आहोत. उद्या सकाळी घशाचं ऑपरेशन आहे. गाठ वाईट निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, नंतर बोलता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल. आज संध्याकाळी सातपर्यंत भेटू देतात. तुमच्याशी बोलायचं आहे म्हणतात." त्याखाली भाऊंचा हसरा चेहरा. त्याखाली, "हसताय काय भाऊजी? मी काय लिहिलंय ते वाचलंत का?" त्याखाली पुन्हा हसरा चेहरा. आणि सगळ्यात शेवटी, "देव तुमचं भलं करो. पुन्हा तोंड दाखवू नका."

हे शेवटचंही मनगटावर थरथरलं असणार. पण तेव्हा भाऊ एका लहान मुलीचे केस कापत होते, आणि मूल खुर्चीत असलं की ते घड्याळाकडे बघायचेच नाहीत.

"मिरची," भाऊ म्हणाले, "उद्यापासून तो बोलणार नाही." एवढंच. माझ्या तोंडून एक शिवी निघाली, ती घड्याळाला होती का कोणाला होती मला माहीत नाही.

भाऊंनी फोन लावला. वाजला आणि कापला गेला. परत लावला. बंद. सात वाजायला फार अवकाश नव्हता आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीचा होता. मी त्याची उरलेली अर्धी अशी काही उरकली की तशी मी परत कधी केली नाही. भाऊंनी ब्रश, साबण, वस्तरा, मशीन, स्वच्छ टॉवेल पिशवीत टाकला. बाकावरच्या लोकांना म्हणाले, "माफ करा मंडळी." सगळे आपणहून उठले. दाराची पाटी मी फिरवली आणि रिक्षा मिळेपर्यंत भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते.

रिक्षात ते एकच बोलत होते. "त्याला वाटलं असेल मी हसलो. तो मरणाच्या दारात आणि मी हसलो. आणि आता काही सांगायला गेलो, तर तो भांडू तरी कसा शकेल माझ्याशी? उद्यापासून भांडणारच नाही तो." मी म्हटलं, "भाऊ, वहिनींना समजावून सांगू." ते म्हणाले, "काय सांगू? हसरा चेहरा म्हणजे गर्दी? दवाखान्यात बसलेल्या बाईला हे पटेल?" मलाही पटलं नसतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर वहिनी बसल्या होत्या. आम्हाला बघितलं आणि ताडकन उठल्या. भाऊंना ओळखायच्या त्या, पण दुकानात कधी आल्या नव्हत्या. लाइनमन दुकानातलं दुकानात ठेवायचा.

"आलात?" त्या म्हणाल्या. "पुरतं हसून झालं का?"

"वहिनी, माझं ऐका..."

"काय ऐकू? एकदा हसलात, म्हटलं चुकलं असेल. म्हणून परत विचारलं. तर परत हसलात! शत्रूसुद्धा असं करत नाही हो, भाऊजी. शत्रूसुद्धा गप्प बसतो." त्यांचा आवाज चढला आणि तिकडून एक नर्स बघायला लागली. भाऊ हात जोडून उभे. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण कोणावर काढावी कळेना. बाईचं काही चुकत नव्हतं.

"मी यांना दाखवणारच नव्हते," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, ऑपरेशनला जाताजाता हे एक दुःख कशाला. खोटंच सांगितलं की भाऊजी बाहेरगावी गेलेत. पण हे कसले ऐकताहेत. फोन दे म्हणाले. बघू दे काय लिहिलंय. हिसकावूनच घेतला." आणि इथं त्या थांबल्या. त्यांच्या रागाची जरा पंचाईत झाल्यासारखी दिसली. "आणि बघितलं, तर माझ्याकडे बघून हसायलाच लागले. म्हणतात, अगं, शनिवार आहे. त्याच्याकडे गर्दी आहे. येईल. दुसरा चेहरा बघून म्हणतात, अजून आहे गर्दी, येईल. मी म्हटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. दाढी करायला दवाखान्याचा माणूस मशीन घेऊन आला, त्याला परत पाठवलं. तो पुन्हा आला, पुन्हा परत पाठवलं. सांगितलं, माझा माणूस येतोय. तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसलेत. तुम्ही दोघं मिळून मला वेडी ठरवताय का?"

भाऊंनी तोंडावर टॉवेल धरला. पिशवीतला तो स्वच्छ, इस्त्रीचा टॉवेल. मी वहिनींना कसंबसं ते पाच चित्रांचं सगळं सांगितलं, बदामापासून मोरीपर्यंत. त्यांचा पूर्ण विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दार उघडलं.

"किती उशीर!" लाइनमन म्हणाला. आवाज घोगरा, फाटका, पण त्याचाच. "किती होते बाकावर?"

भाऊंनी हात वर करून पाचही बोटं दाखवली.

नर्स म्हणाली, "गळ्यावर वस्तरा नाही, तिथं मशीनच लावा. आणि कुठंही ओरखडा चालणार नाही. सातला बाहेर." भाऊंनी उशी सरकवली, टॉवेल गळ्याभोवती लावला, फेस केला. गळा मशीननं हलक्या हातानं साफ केला आणि मग गालांना ब्रश लावला. भाऊंचा एक कडक नियम होता, वस्तरा गालाला लागला की गिऱ्हाइकानं बोलायचं नाही. मंत्री असो नाहीतर मित्र. त्या दिवशी लाइनमननं तोंड उघडलं की भाऊ वस्तरा उचलायचे, आणि तो बोलून होईपर्यंत हात हवेत तसाच धरून ठेवायचे.

तो काय बोलला? काही नाही हो. मोठं असं काहीच नाही. कावळ्याच्या घरट्याची गोष्ट परत सांगितली. गल्लीतल्या चोरून ऐकणाऱ्या बाईची सांगितली. माझी खेचली, "काय मिरची, आज राग घरी ठेवून आलास?" एकदा मधेच म्हणाला, "तुझ्याकडे बोललो तेवढं मी घरीसुद्धा बोललो नाही रे. आता तिच्याशी कसं बोलू?" वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. भाऊ म्हणाले, "तिला ती चित्रं शिकव. मी तुला शिकवली तशी." मग तो खोकला, पाणी प्यायला, आणि पुन्हा कावळ्यावर आला.

दोन्ही गाल झाले. भाऊंचा हात असा की एकदा फिरला की परत फिरवायला लागायचा नाही. लाइनमनचा चेहरा लख्ख झाला होता. मी पिशवी आवरायला पुढे झालो, तर भाऊंनी मला कोपरानं मागे सारलं, ब्रश पाण्यात बुडवला आणि त्याच गालाला पुन्हा फेस लावायला लागले. मी बघतच राहिलो. त्यांनी वस्तरा उलटा धरला होता, पाठीची बोथट बाजू गालावर, आणि फेस तेवढा ओढत होते. लाइनमनला कळलं असणारच. जन्मभर दाढी करून घेतलेला माणूस तो. पण त्यानं डोळे मिटून घेतले आणि पुढचा किस्सा सुरू केला. तो फेस ओढून संपला, तसा भाऊंनी तिसऱ्यांदा ब्रश बुडवला.

सात वाजले. नर्स दारात आली. "चला आता. झालं ना?"

वहिनी खिडकीपासून वळल्या. त्यांनी नवऱ्याच्या त्या गुळगुळीत गालाकडे बघितलं, त्यावरच्या तिसऱ्या फेसाकडे बघितलं, भाऊंच्या हातातल्या उलट्या वस्तऱ्याकडे बघितलं. मग दारात जाऊन नर्सच्या आणि पलंगाच्या मधे उभ्या राहिल्या.

"नाही हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "अजून एक गाल राहिलाय."